स्पेशल गाडीचं पत्रक कसं वाचायचं: मराठवाड्यातल्या प्रवाशांसाठी

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी पुण्या-मुंबईतून मराठवाड्याकडे येणाऱ्या कुठल्याही गाडीचं आरक्षण उघडून बघा. देवगिरी असो, तपोवन असो की नंदीग्राम, सगळीकडे वेटिंग दिसतं. त्याच सुमाराला पेपरात चार ओळींची बातमी येते: "प्रवाशांच्या सोयीसाठी विशेष गाडी." ती वाचून माणूस खूश होतो, तिकीट काढायला बसतो आणि दोन गोष्टींना अडखळतो. एक म्हणजे भाडं नेहमीपेक्षा बरंच जास्त दिसतं. दुसरी म्हणजे गाडी जाहीर होऊन जेमतेम एक-दोन दिवस झालेले असतात आणि तेवढ्यात तिलाही वेटिंग लागलेलं असतं.

या दोन्ही गोष्टींची कारणं त्या चार ओळींच्या मागे असलेल्या मूळ पत्रकात असतात. पेपरात जागा कमी, म्हणून कामाचे शब्द नेमके गळतात. ते पत्रक कसं तयार होतं आणि त्यातल्या कोणत्या शब्दाचा आपल्या खिशाशी काय संबंध आहे, एवढंच इथे बघू.

गाडी ठरते कशी

मराठवाड्याची रेल्वे एका घरची नाही, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर हा सगळा पट्टा 2003 साली झालेल्या नांदेड विभागात येतो आणि नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा. तिचं मुख्यालय सिकंदराबादला. लातूर आणि धाराशिव मात्र सोलापूर विभागात, म्हणजे मध्य रेल्वेत, आणि तिचं मुख्यालय मुंबईला. त्यामुळे नांदेडच्या माणसाला हवी ती बातमी बहुधा सिकंदराबादहून निघते आणि लातूरच्या माणसाला हवी ती मुंबई किंवा सोलापूरहून. दोघांनी एकाच ठिकाणी नजर लावून बसलं तर एकाची गाडी निसटते.

कोणत्या मार्गावर किती वेटिंग साचलंय हे रेल्वेच्या आरक्षण यंत्रणेत रोज दिसतच असतं. शिवाय खासदारांची पत्रं आणि प्रवासी संघटनांची निवेदनं येत असतात. पण मागणी आहे म्हणून लगेच गाडी निघत नाही. आधी डबे लागतात. सणासुदीला मोकळा रेक, म्हणजे डब्यांचा अख्खा संच, कुठून आणायचा हा मोठा प्रश्न असतो. पुष्कळदा एखादी नेहमीची गाडी पोहोचल्यावर तिचा रेक परतीच्या वेळेपर्यंत काही तास नुसता उभा असतो, त्या वेळात त्याच्याकडून एक जादा फेरी करून घेतली जाते. मग मार्ग लागतो. मनमाडपासून परभणीपर्यंतचा बराचसा पट्टा अजून एकेरी आहे, त्यामुळे तिथे नव्या गाडीला जागा करायची म्हणजे समोरून येणाऱ्या कुठल्या गाडीला कुठल्या स्टेशनात थांबवायचं हे आधी ठरवावं लागतं. आणि शेवटी फलाट लागतो. नांदेडहून निघालेली गाडी मनमाडजवळ मध्य रेल्वेच्या हद्दीत शिरते. तिथून पुढचा मार्ग आणि मुंबई-पुण्यातला फलाट द्यायचा की नाही हे मध्य रेल्वेच्या हातात असतं. स्पेशल गाड्या सीएसएमटीऐवजी पनवेल किंवा लोकमान्य टिळक टर्मिनसला आणि पुणे स्टेशनऐवजी हडपसरला का जातात, याचं उत्तर इथे आहे. तिकडे फलाट मिळतो.

हे सगळं जुळेपर्यंत दिवस हाताशी कमीच उरतात. म्हणून घोषणा उशिरा होते. रेल्वे मुद्दाम उशीर करते असं लोक म्हणतात, पण दोन रेल्वे झोनमधला पत्रव्यवहार ज्याने पाहिलाय त्याला गाडी निघते याचंच नवल वाटेल.

पत्रकातल्या कामाच्या चार गोष्टी

समजा, असं पत्रक आलं: नांदेड ते लोकमान्य टिळक टर्मिनस साप्ताहिक विशेष गाडी, दर सोमवारी रात्री 10 वाजता सुटेल, एकूण चार फेऱ्या, विशेष शुल्कासह, आरक्षण अमुक तारखेपासून सुरू. गाडी अर्थातच कल्पनेतली, पण पत्रकाचा साचा खरा.

पहिली गोष्ट नंबर. आपल्याकडे गाड्यांचे नंबर पाच आकडी असतात आणि पहिला आकडा 0 असला की गाडी स्पेशल. दुसऱ्या आकड्यावरून ती कोणत्या रेल्वेची हे कळतं. 07 ने सुरू होणारी दक्षिण मध्य रेल्वेची, 01 ने सुरू होणारी मध्य रेल्वेची. तपोवनचा नंबर 17617 आहे, म्हणजे ती नेहमीची गाडी. जाण्याचा आणि येण्याचा नंबर वेगळा असतो. नांदेडहून निघणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं म्हणजे परतीचं झालं असं नाही, ते वेगळं काढावं लागतं. इथे एक फायद्याची गोष्टही आहे. सणाची गर्दी एका दिशेला असते. लक्ष्मीपूजनाच्या आधी मुंबई-पुण्याहून मराठवाड्याकडे येणारी बाजू भरलेली आणि उलटी बाजू बऱ्यापैकी रिकामी. भाऊबीज झाली की नेमकं उलटं. त्यामुळे जादा पैसे देऊन स्पेशलनेच जायचं की नेहमीच्या गाडीने, हे जाताना आणि येताना वेगवेगळं ठरवावं.

दुसरी गोष्ट तारीख, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. पत्रकातली तारीख आणि वार गाडी जिथून सुटते त्या स्टेशनचे असतात. आपली गाडी सोमवारी रात्री 10 ला नांदेडहून सुटते. परभणीला ती सोमवारीच अकरा-सव्वाअकराला पोहोचेल. पण जालन्याला पोहोचेपर्यंत रात्रीचा एक वाजून गेलेला असेल, म्हणजे मंगळवार उजाडलेला. जालन्याचा प्रवासी आरक्षणाच्या साइटवर सोमवारची तारीख टाकतो, गाडीच दिसत नाही, आणि तो म्हणतो गाडी रद्द झाली किंवा बातमी खोटी होती. त्याने मंगळवारची तारीख टाकायला हवी. साइटवर Flexible With Date असा पर्याय असतो. तो निवडला तर आजूबाजूच्या तारखांच्या गाड्याही दिसतात. त्याहून वाईट म्हणजे याच्या उलट होतं. तिकीट मंगळवारचं असतं, वेळ रात्री सव्वा वाजताची असते आणि घरातले "मंगळवारी रात्रीची गाडी" म्हणून निवांत राहतात. गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते.

तिसरी गोष्ट थांबे. स्पेशल गाडीचे थांबे नेहमीच्या गाडीसारखेच असतील असं धरून चालू नका. सेलू, परतूर, रोटेगाव अशी स्टेशनं स्पेशलच्या यादीतून सहज गळतात. पेपरच्या बातमीत "इत्यादी स्थानकांवर थांबेल" एवढंच असतं आणि त्या इत्यादीत आपलं गाव आहे की नाही हे कळत नाही. रेल्वेच्या एनटीईएस अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की सगळे थांबे आणि वेळा दिसतात. 139 ला फोन करूनही विचारता येतं.

चौथी गोष्ट "विशेष शुल्कासह" हे दोन शब्द. यांना वेगळा भाग द्यावा लागेल, कारण भाड्याचं सगळं गणित त्यात आहे.

जादा भाडं नेमकं कशाचं

लोकांचा समज असा की स्पेशलचं भाडं म्हणजे नेहमीच्या भाड्यावर तीस टक्के. हे अर्धंच खरं आहे.

विशेष शुल्क मूळ भाड्यावर लागतं. बसायच्या सेकंड क्लाससाठी ते 10 टक्के आणि स्लीपर, एसीसारख्या बाकी वर्गांसाठी 30 टक्के. त्याला वर्गानुसार किमान आणि कमाल मर्यादा असतात. म्हणजे तीस टक्के काढल्यावर रक्कम किमान मर्यादेपेक्षा कमी आली तर किमान रक्कम घेतात, आणि फार मोठी आली तर कमाल रकमेवर थांबतात. तत्काळचं शुल्कही याच धर्तीवर असतं, त्यामुळे ज्यांना ते माहीत आहे त्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

खरी मेख पुढे आहे. या गाड्यांना भाड्यासाठी किमान अंतर ठरवलेलं आहे. स्लीपर आणि थर्ड एसीसाठी ते 500 किलोमीटर आहे. तुम्ही 500 किलोमीटरपेक्षा कमी प्रवास केला तरी भाडं 500 किलोमीटरचंच मोजलं जातं, आणि वरचं शुल्कही त्या मोठ्या भाड्यावर लागतं. सेकंड सीटिंगसाठी हे किमान अंतर 100 किलोमीटर आहे, त्यामुळे तिथे फटका फारसा जाणवत नाही.

आता आपला नकाशा समोर आणा. मुंबईहून मनमाड साधारण 260 किलोमीटर. मनमाडहून संभाजीनगर 113, तिथून जालना 63, जालन्याहून परभणी 114 आणि परभणीहून नांदेड 59. सगळी बेरीज केली तर मुंबईहून संभाजीनगर साधारण 373 किलोमीटर, जालना 436, परभणी 550 आणि नांदेड 609 वर येतं. पाचशेची रेघ जालना आणि परभणी यांच्या मधून जाते. परभणी आणि नांदेडच्या प्रवाशाला किमान अंतराचा नियम लागतच नाही, कारण त्याचा प्रवासच त्याहून लांबचा. जालना आणि संभाजीनगरच्या प्रवाशाला मात्र तो पुरता लागतो.

एक उदाहरण करून पाहू. यातलं मूळ भाडं हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेलं आहे, तिकीट काढताना खरं भाडं वेगळं दिसेल. समजा संभाजीनगर ते मुंबई 373 किलोमीटरचं स्लीपरचं मूळ भाडं 210 रुपये आहे आणि 500 किलोमीटरचं 270. नेहमीच्या सुपरफास्ट गाडीत 210 अधिक आरक्षणाचे 20 अधिक सुपरफास्टचे 30, असे 260 रुपये होतील. स्पेशल सुपरफास्टमध्ये सुरुवातच 270 पासून होते. त्यावर तीस टक्के म्हणजे 81, मग तेच 20 आणि 30. बेरीज 401. किमान शुल्काची मर्यादा 81 च्या वर असेल तर आणखी थोडं वाढेल. म्हणजे 260 च्या जागी 401. वाढ 141 रुपयांची, नेहमीच्या तिकिटाच्या निम्म्याहून जास्त. या 141 मधले 60 रुपये नुसते अंतर वाढवून धरल्याचे आहेत. "तीस टक्के जास्त" असं ऐकून गेलेला माणूस आरक्षणाच्या खिडकीवर हुज्जत घालतो ती यामुळेच. खिडकीवरच्या कारकुनाकडेही तिथे उभ्या उभ्या एवढं समजावून सांगायला वेळ नसतो.

थर्ड एसीमध्ये गणित असंच, फक्त आकडे मोठे. आरक्षणाचे 40, सुपरफास्टचे 45 आणि वर पाच टक्के जीएसटी.

मनमाडजवळ उतरणाऱ्याची तर कथाच वेगळी. जालन्याहून मनमाड 176 किलोमीटर. स्पेशलच्या स्लीपरने गेलात तर भाडं 500 किलोमीटरचं. अशा जवळच्या प्रवासाला आरक्षित स्पेशल परवडत नाही. मराठवाडा एक्स्प्रेस किंवा सरळ एसटी बरी.

पण याच नियमातून एक सोयही निघते आणि ती फारच कमी लोक वापरतात. संभाजीनगर ते मुंबईला 500 किलोमीटरचं भाडं आणि जालना ते मुंबईलाही 500 किलोमीटरचंच. म्हणजे स्पेशल गाडीत ही दोन्ही तिकिटं एकाच किमतीची. आता संभाजीनगरहून तिकीट काढताना वेटिंग दिसत असेल आणि जालन्याहून जागा दिसत असेल, तर जालन्याहून तिकीट काढा आणि गाडीत चढायचं ठिकाण संभाजीनगर ठेवा. एक पैसाही जास्त लागणार नाही. परभणीहून काढलं तरी भाडं 500 ऐवजी 550 किलोमीटरचं, फरक थोडाच पडतो. नेहमीच्या गाडीत हीच युक्ती महाग पडते, कारण तिथे प्रत्येक जास्तीच्या किलोमीटरचे पैसे मोजावे लागतात.

असं का जमतं, तर जागा स्टेशनांच्या कोट्यात वाटलेल्या असतात. गाडी जिथून सुटते तिथल्या कोट्यात जागा जास्त असतात आणि मधल्या स्टेशनांना थोड्या दिलेल्या असतात. वेटिंगच्या यादीतही हा फरक दिसतो. GNWL असं लिहिलेलं असेल तर ते मुख्य वेटिंग, ते पुढे सरकण्याची शक्यता सर्वात जास्त. RLWL किंवा PQWL असेल तर ते मधल्या स्टेशनांच्या लहानशा कोट्याचं. तिथे वीस वेटिंगही जड जातं. RLWL 12 बघून समाधान मानणाऱ्यापेक्षा GNWL 30 वाला आधी कन्फर्म होतो, असं पुष्कळदा घडतं.

ही सोय वापरताना एक काळजी घ्यावीच लागते. ऑनलाइन तिकीट काढताना प्रवाशांची नावं भरायच्या पानावर Boarding Station असा रकाना असतो. तिथे संभाजीनगर निवडायला विसरू नका. ते राहून गेलं तर तिकिटावर चढायचं ठिकाण जालना राहतं, जालन्याला तुमची जागा रिकामी दिसते आणि टीसी ती दुसऱ्याला देऊ शकतो. आणि एकदा संभाजीनगर निवडलं की जालन्याहून चढायचा हक्क उरत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रत्येक स्पेशल गाडीला हे जादा शुल्क असतंच असं नाही. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या किंवा 6 डिसेंबरला दादरकडे जाणाऱ्या ज्या अनारक्षित स्पेशल गाड्या सुटतात, त्यांना आरक्षणच नसल्यामुळे हे शुल्कही नसतं. त्यांचं साधं तिकीट यूटीएस या अनारक्षित तिकिटांच्या यंत्रणेवर किंवा खिडकीवर मिळतं. आरक्षित स्पेशलला जोडलेल्या जनरल डब्यांबद्दलही पत्रकात वेगळी ओळ असते, ती वाचावी. मध्य रेल्वेच्या पत्रकांत साधारण असं लिहिलेलं असतं की अनारक्षित डब्यांचं तिकीट यूटीएसवर सुपरफास्ट किंवा मेल-एक्स्प्रेसच्या नेहमीच्या दराने मिळेल. म्हणजे एकाच गाडीत स्लीपरवाला विशेष शुल्क भरतोय आणि जनरलवाला नाही.

आणि भाडं जागा भरत जाईल तसं वाढत जातं का? तसं सुविधा नावाच्या गाड्यांत व्हायचं. 2015 साली सुरू झालेल्या त्या प्रकारात जागा भरत जातील तशी किंमत टप्प्याटप्प्याने चढायची आणि तिप्पटीपर्यंत जायची. साध्या विशेष शुल्काच्या गाडीत पहिल्या आणि शेवटच्या प्रवाशाचं भाडं एकच असतं.

जागा कधी आणि कशी पकडायची

नेहमीच्या गाडीचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. 1 नोव्हेंबर 2024 च्या आधी ते 120 दिवस होतं. स्पेशलला हा हिशेब लावून उपयोग नाही, कारण बऱ्याचदा गाडी जाहीर होते तेव्हाच तिच्या पहिल्या फेरीला 60 दिवसांपेक्षा कमी दिवस उरलेले असतात. तिचं आरक्षण पत्रकात दिलेल्या तारखेला उघडतं, आणि बहुतेक वेळा सगळ्या फेऱ्यांचं एकाच दिवशी. नेहमीच्या गाडीत रोज एका नव्या दिवसाच्या जागा खुल्या होतात, आज हुकलं तर उद्या दुसरी तारीख बघता येते. इथे चार फेऱ्यांच्या चारही तारखा एकाच सकाळी बाजारात येतात. म्हणून त्या एका सकाळला एवढं महत्त्व.

खिडकीवर आणि साइटवर आरक्षण सकाळी आठला सुरू होतं. त्याआधी तयारी करायची ती दोन गोष्टींची. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं असू द्या. ऑक्टोबर 2025 पासून आरक्षण उघडल्यानंतरच्या सुरुवातीच्या वेळेत आधार पडताळणी झालेल्या खात्यांनाच ऑनलाइन तिकीट काढू देतात आणि ही मुदत पुढे वाढतच गेली. आठ वाजता आधार जोडायला बसलात तर ओटीपी येईपर्यंत जागा संपलेल्या असतात. दुसरं म्हणजे घरच्यांची नावं आणि वयं खात्याच्या मास्टर लिस्टमध्ये आधीच भरून ठेवा. नावं टाइप करण्यात जाणारा वेळ तेवढा वाचतो.

गाडी जाहीर झाली पण साइटवर नंबर टाकल्यावर ती सापडत नाही, असंही होतं. याचा अर्थ गाडीची माहिती अजून आरक्षण यंत्रणेत भरली गेलेली नाही, एवढाच. आरक्षणाच्या दिवशी सकाळी ती दिसायला लागते. दिसत नसेल तर आधी तारीख तपासा, वर सांगितलेली मध्यरात्रीची भानगड असण्याचीच शक्यता जास्त.

खिडकीवरून तिकीट काढायला काहीच हरकत नाही. लहान स्टेशनवर रांग छोटी असते, आणि मला तर मोठ्या शहरातल्या रांगेपेक्षा अशी खिडकी जास्त भरवशाची वाटते. पण वेटिंगच्या तिकिटात फरक समजून घ्या. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावर पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. खिडकीवरचं तिकीट आपोआप रद्द होत नाही, ते स्वतः जाऊन रद्द करून घ्यावं लागतं. आणि ते हातात आहे म्हणून स्लीपरच्या डब्यात चढता येतं असंही नाही. वेटिंगवाल्याने आरक्षित डब्यात बसायचं नाही, हा नियम आता बऱ्यापैकी कडकपणे पाळला जातो.

नेहमीच्या गाडीचं वेटिंग तिकीट तुमच्या हातात आहे आणि नंतर स्पेशल जाहीर झाली, तर दोन्ही दगडांवर पाय ठेवायची एक रीत रेल्वेनेच दिलेली आहे. ऑनलाइन तिकिटावर विकल्प नावाची योजना निवडता येते. चार्ट लागल्यावर तुमचं तिकीट वेटिंगमध्येच राहिलं आणि त्याच मार्गावरच्या निवडलेल्या दुसऱ्या गाडीत जागा असली, तर तुम्हाला त्या गाडीत जागा दिली जाते. ती गाडी स्पेशल असली तरी वाढीव भाडं मागत नाहीत. ऐकायला छान वाटतं, पण सणाच्या दिवसांत त्याच्यावर भिस्त ठेवू नये. जी गाडी आधीच भरलेली आहे तिच्यात विकल्पवाल्याला जागा कुठून मिळणार? शिवाय दुसऱ्या गाडीत जागा मिळाली की मूळ गाडीचं तिकीट संपतं. मग स्पेशलची वेळ किंवा स्टेशन गैरसोयीचं म्हणून जायचं नसेल, तर कन्फर्म तिकीट रद्द केल्यासारखी पैशांची कपात होते.

उशीर झाला तर

स्पेशल उशिरा धावते हे सगळ्यांना माहीत आहे. तिला वेळापत्रकात कायमची जागा नसते, नेहमीच्या गाड्यांच्या मधल्या फटीतून ती काढायची असते. एकेरी मार्गावर ती फट एकदा हुकली की गाडी पुढच्या स्टेशनात उभी राहते. आणि जाण्या-येण्याला बहुधा एकच रेक असतो. मुंबईला पोहोचायला चार तास उशीर झाला की परतीची गाडी वेळेवर सुटण्याची आशा सोडावी. त्यामुळे परतीचा प्रवास असेल तर आपल्या गाडीच्या नंबराबरोबर जोडीचा नंबरही आदल्या दिवशी एनटीईएसवर टाकून बघावा. ती गाडी कुठे आहे त्यावरून आपली कधी सुटेल याचा अंदाज, स्टेशनवरची घोषणा व्हायच्या बराच आधी, घरबसल्या येतो.

ज्या स्टेशनहून चढायचं तिथे गाडी तीन तासांहून जास्त उशिरा येत असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. स्पेशल गाडीलाही हे लागू आहे, विशेष शुल्क भरलं म्हणून हक्क कमी होत नाही. ऑनलाइन तिकीट असेल तर टीडीआर म्हणजे परताव्याचा अर्ज भरायचा, आणि तो गाडी तुमच्या स्टेशनहून प्रत्यक्ष सुटण्याच्या आत. गाडी निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी निवांत भरू म्हटलं तर पैसे अडकतात. रेल्वेनेच गाडी रद्द केली, तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप जमा होतात. खिडकीवरच्या तिकिटासाठी मात्र तीन दिवसांच्या आत तिकीट घेऊन कोणत्याही आरक्षण खिडकीवर जावं लागतं.

काही स्पेशल गाड्या मुदत संपली तरी बंद होत नाहीत, त्यांना महिना-दोन महिने मुदतवाढ मिळत राहते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांमधल्या उत्तर भारतीय कामगारांना सोयीची असलेली जालना-छपरा गाडी बराच काळ अशीच चालली. अशा गाडीने नेहमी जाणाऱ्यांनी मुदत संपायच्या आठवडाभर आधीपासून पत्रकांवर लक्ष ठेवावं. मुदतवाढ कधीकधी अगदी शेवटच्या दिवसांत येते, आणि पुढच्या फेऱ्यांचं आरक्षण त्यानंतरच उघडतं. अशा आरक्षणाची बातमी बहुतेकांच्या नजरेतून सुटते, म्हणून तिथे पहिल्या दिवशी जागा मिळण्याची शक्यता सणाच्या नव्या गाडीपेक्षा खूपच बरी असते.